सरासरी तिकीट दोनशे

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी आमच्या कॉलेजच्या फी-खिडकीवरच्या बाईंचं नाव घेतो. इथे ते लिहीत नाही, कारण त्यांना ते आवडणार नाही. पनवेलच्या कॉलेजात मी पहिल्या वर्षाला आलो तेव्हा आमच्या घरात बारावीच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं. आमचं घर नेऱ्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी. वडील एका फार्महाउसची देखभाल करायचे. फी-सवलतीच्या अर्जात वडिलांचं उत्पन्न लिहायचं होतं. माझ्या पुढच्या मुलाने जो आकडा लिहिला तोच मी लिहिला. सगळे तोच लिहीत होते. बाईंनी अर्ज घेतला, त्या आकड्याशेजारी पेन्सिलीने बारीक प्रश्नचिन्ह काढलं आणि विचारलं, "हा आकडा कुठून आला?"

त्यांनी अर्ज परत दिला आणि तहसील कार्यालयातून खरा दाखला आणायला लावलं. खरं उत्पन्न मी लिहिलेल्या आकड्यापेक्षा कमी होतं. त्या फरकामुळे माझी जवळजवळ सगळी फी माफ झाली. नसती झाली तर मी कॉलेज सोडून तळोज्याला एखाद्या कंपनीत हेल्पर म्हणून लागलो असतो. आता मी तळोज्यालाच आहे, पण हिशेब विभागात, खुर्चीवर.

मला पहिलं नाटक दाखवलं तेही बाईंनीच. त्यांच्या बहिणीचं येणं रद्द झालं होतं, तिकीट वाया जाऊ नये म्हणून त्यांनी मला नेलं. मी नाटक पाहिलं, पण त्याहून जास्त वेळ मान वळवून माणसंच पाहत होतो. एवढी माणसं अंधारात गप्प बसायला पैसे देतात, याचं मला नवल वाटलं. पुढे नोकरी लागल्यावर त्यांनीच मला त्यांच्या ओळखीच्या एका हौशी नाट्यसंस्थेकडे पाठवलं. तिथे नट पुष्कळ आहेत, हिशेब ठेवणारा कुणी नाही, असं म्हणाल्या. त्यानंतर त्या निवृत्त होऊन सावंतवाडीकडे बहिणीजवळ राहायला गेल्या. फोनवर त्या फार बोलत नाहीत. त्यांना पत्र आवडतं, म्हणून मी पत्र लिहितो.

संस्थेत आम्ही चौदा जण होतो. त्यातल्या तिघांचा या गोष्टीशी संबंध आहे. पहिले आमचे दिग्दर्शक. ते तळोज्यातल्या एका रासायनिक कारखान्यात पंप ऑपरेटर आहेत, तीन पाळ्यांत काम करतात. ते नाटक त्यांनीच लिहिलं होतं, अकरा वर्षं, पाळीच्या मधल्या सुट्टीत. कारखान्याचा वास घरात येतो म्हणून घर विकायचं की नाही, यावर भांडणाऱ्या एका कुटुंबाचं ते नाटक. दुसऱ्या मावशी. उरणच्या कोळीवाड्यातल्या, मासळीचा धंदा, आणि नाटकात आत्याचं काम. संवाद पाठ करताना त्या कोयता बाजूला ठेवायच्या, नाहीतर आवाज बोथट होतो म्हणायच्या. तिसरे व्यवस्थापक काका. ते बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू, बँकेतून निवृत्त झालेले. शुक्रवारी संध्याकाळपासून शनिवारी सूर्य मावळेपर्यंत ते पैशाला हात लावत नाहीत. बाकी सगळे दिवस संस्थेची पेटी त्यांच्याच हातात असते, आणि ती दोघांच्या देखत उघडायची असा त्यांचा दंडक आहे.

मला अंदाजपत्रक करायला सांगितलं तेव्हा नाटकाचा खर्च म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. मी वही घेऊन तालमीला जाऊन बसू लागलो. तालीम एका सोसायटीच्या छोट्या हॉलमध्ये व्हायची. एका संध्याकाळचं भाडं पाचशे, चहा आणि वडापावचे दीडशे. साठ संध्याकाळी धरल्या होत्या, म्हणजे तालमीचेच एकोणचाळीस हजार. नेपथ्याचे अडतीस हजार, कपड्यांचे आठ, संगीत ध्वनिमुद्रित करून घ्यायचे सहा, संहितेच्या प्रतींचे दीड आणि सेन्सॉरचं प्रमाणपत्र, त्यासाठीच्या फेऱ्या धरून आणखी दीड. सगळे मिळून चौऱ्याण्णव हजार. हा खर्च पडदा वर जाण्याआधीच होऊन जातो. नाटकाचा एक प्रयोग होवो की शंभर, तो तेवढाच राहतो.

दुसरा खर्च प्रयोगाचा. तो दर वेळी नव्याने होतो. शनिवारी संध्याकाळी नाट्यगृहाचं भाडं एकवीस हजार. प्रकाशयोजनेचं सामान आणि माणूस सात हजार, ध्वनी साडेतीन, नेपथ्य नेण्या-आणण्याचा टेम्पो आणि हमाल चार, रंगभूषा आणि इस्त्री तीन, सगळ्यांचा चहा-नाश्ता अडीच, फलक, पत्रकं आणि तिकिटांची छपाई चार. बेरीज पंचेचाळीस हजार. नाट्यगृह अनामत रक्कमही घेतं, पण ती परत मिळते, म्हणून ती खर्चात धरायची नाही, हे मला काकांनी शिकवलं.

ही दोन खाती वेगळी ठेवायला मी लावलं, आणि त्याचा मला थोडा अभिमानही होता. उभारणीचे चौऱ्याण्णव हजार सभासदांच्या वर्गणीतून आणि जुन्या शिलकीतून भागले. ते देऊन पेटीत बावीस हजार उरले. मग बैठकीत ठरलं की प्रयोगाने निदान स्वतःचा खर्च काढला पाहिजे. पहिल्या प्रयोगाने पंचेचाळीस हजार काढले तर दुसरा करायचा. नाही काढले तर नाटक बंद, आणि नेपथ्याचं प्लायवूड पुढच्या नाटकाला वापरायचं. ते नेपथ्य ठेवायला जागा नव्हती म्हणून नेऱ्याला आमच्या पडवीत, भाताच्या पेंढ्याशेजारी ठेवलं होतं. वडील रोज त्या खोट्या खिडकीवरची धूळ पुसायचे.

पंचेचाळीस हजार म्हणजे किती माणसं, हा प्रश्न दिग्दर्शकांनी विचारला. तिकिटाचे दर तीन होते. पुढच्या रांगा तीनशे, मागच्या दोनशे, बाल्कनी शंभर. तिकिटं खिडकीवर आणि सभासदांच्या हातून विकायची होती, म्हणून ऑनलाइनचं कमिशन जाणार नव्हतं. मी वहीत लिहिलं : सरासरी तिकीट दोनशे. पंचेचाळीस हजार भागिले दोनशे, दोनशे पंचवीस.

हा आकडा सगळ्यांना फार आवडला. पंचेचाळीस हजार म्हटलं की छातीत धस्स व्हायचं. दोनशे पंचवीस माणसं म्हटलं की प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे आपले नातेवाईक यायचे. काकांनी सभेच्या वहीत लिहिलं की दोनशे पंचवीस तिकिटं विकली गेल्यास दुसरा प्रयोग करावा. मीही सगळ्याचा हिशेब माणसांत करू लागलो. दिग्दर्शकांनी पाच तालमी वाढवून मागितल्या तेव्हा मी सांगितलं, एक तालीम साडेसहाशेची, म्हणजे सव्वातीन प्रेक्षक.

"तीन आणतो," ते म्हणाले. "ते पाव माणूस कुठून आणू?"

"मांडीवरचं पोर धरा की," मावशी म्हणाल्या. "रडलं तर तेवढाच पाव कमी करायचा."

तालमी वाढल्या नाहीत.

अंदाजपत्रकाची एक प्रत मी बाईंना पाठवली. तेव्हा त्यात काही विचारायचं होतं असं नाही. बघा, मी काय करतो ते, एवढंच मला दाखवायचं होतं. आठ-दहा दिवसांनी ती प्रत परत आली. सोबत तब्येतीच्या चार ओळी होत्या. अंदाजपत्रकावर मात्र एकच खूण होती. 'सरासरी तिकीट दोनशे' या ओळीशेजारी पेन्सिलीने काढलेलं बारीक प्रश्नचिन्ह.

मला वाटलं, पनवेलमध्ये लोक नाटकाला दोनशे रुपये देतील का, असं त्यांना विचारायचं असावं. त्या आता लांब राहतात, इथल्या नव्या इमारती, नवी माणसं त्यांनी पाहिलेली नाहीत, असंही वाटलं. मी कागद फायलीत लावला आणि उत्तर लिहिलं नाही. पदवी मिळाल्यावर माणसाला एखादा प्रश्न लहान वाटू लागतो, तसं झालं होतं.

हौशी संस्थेत तिकीटविक्रीची एक पद्धत असते. प्रत्येक सभासदाने तिकिटांची पुस्तकं घ्यायची आणि कामावर, नात्यात, शेजारात खपवायची. तीनही दरांची पुस्तकं मी टेबलावर मांडली. कुणी किती खपवली याचा तक्ता भिंतीवर लावला. वर मोठ्या अक्षरांत २२५ लिहिलं आणि रोज खाली विकल्या गेलेल्या तिकिटांची संख्या लिहू लागलो. सभासदांत चुरस लागली. शंभराची पुस्तकं दोन दिवसांत टेबलावरून गेली. मला त्याचा आनंदच झाला.

प्रयोगाच्या शनिवारी काका नाट्यगृहावर आले, पण प्रेक्षकांना जागा दाखवायला दारात उभे राहिले. सूर्यास्त व्हायचा होता, म्हणून पैशाकडे त्यांनी पाहिलंही नाही. सभासदांनी आपापले पैसे आणि उरलेली तिकिटं पाकिटात घालून चिकटवून दिली होती. ती पाकिटं आणि खिडकीचा गल्ला रविवारी सकाळी काकांसमोरच उघडायचा होता. खिडकीवर मी बसलो होतो. बाल्कनीचा गठ्ठा इतर दोन्हींपेक्षा भराभर पातळ होत होता, हे माझ्या बोटांना कळत होतं. डोक्याला कळलं नाही. डोकं माणसं मोजत होतं.

मध्यंतराला दारावरच्या तिकिटांचे फाडलेले तुकडे मोजले. फुकट पास वगळले, त्याबद्दल मी फार काटेकोर होतो. दोनशे त्रेचाळीस. मी रंगपटात जाऊन दिग्दर्शकांना सांगितलं. ते खुर्चीत बसून एका नटाच्या सदऱ्याचं बटण शिवत होते. त्यांनी मान वर केली नाही, फक्त परत विचारलं, किती. मी परत सांगितलं. मग त्यांनी दाताने दोरा तोडला आणि म्हणाले, "अकरा वर्षांना दोनशे त्रेचाळीस. वाईट नाही." प्रयोग संपल्यावर त्यांनी सगळ्यांना पेढे वाटले. पेढे त्यांनी आधीच आणून पिशवीत लपवून ठेवले होते, हे मावशींनी ओळखलं आणि तसं बोलूनही दाखवलं.

रविवारी सकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये पाकिटं उघडली. मी वाचत होतो, काका लिहीत होते. पुढच्या रांगांची एक्केचाळीस तिकिटं, बारा हजार तीनशे. मागच्या रांगांची चौऱ्याहत्तर, चौदा हजार आठशे. बाल्कनीची एकशे अठ्ठावीस, बारा हजार आठशे. तिकिटं बरोबर दोनशे त्रेचाळीस, आणि पैसे एकोणचाळीस हजार नऊशे.

काकांनी बेरीज पुन्हा केली. मीही केली. पंचेचाळीसला पाच हजार शंभर कमी होते. कुणाचं पाकीट राहिलं का, असं एकाने विचारलं. पाकिटं चौदाच्या चौदा होती. खोलीत सगळे माझ्याकडे पाहू लागले. दोनशे पंचवीस म्हणजे खर्च निघाला हे त्यांना मीच सांगितलं होतं, आणि अठरा माणसं जास्त येऊनही तो निघाला नव्हता.

दिग्दर्शक रात्रपाळी करून सरळ तिथे आले होते. त्यांनी विचारलं, "माझं नाटक पडलं, की तुझं गणित?"

मी म्हणालो, "गणित."

हे म्हणताना गणित कुठे पडलं ते मला माहीत नव्हतं. पण नाटक पडलं नव्हतं, एवढं मी बाल्कनीकडे पाहून सांगू शकत होतो. मग मी मावशींना विचारलं की त्यांनी शंभरचीच पुस्तकं का घेतली. त्यांची एकतीस तिकिटं होती, सगळी बाल्कनीची, सगळी मासळी बाजारात खपवलेली.

"तू मानसं सांगितलीस, पैसं नाय सांगितलंस," त्या म्हणाल्या. "मानसं पायजेत तं शंभराला लवकर येतात. आमी मानसं आणली."

भिंतीवर माझा तक्ता अजून लावलेला होता, वर मोठ्या अक्षरांत २२५.

आता प्रश्न असा होता की वहीप्रमाणे दुसरा प्रयोग व्हायला हवा होता आणि पेटीप्रमाणे नको. वहीत तिकिटांची संख्या होती, ती पार झाली होती. दिग्दर्शक तेवढ्यावर अडून बसले असते तर बैठकीला त्यांना नाही म्हणता आलं नसतं. काकांनी ती ओळ मोठ्याने वाचून दाखवली आणि त्यांच्याकडे पाहिलं. दिग्दर्शक म्हणाले की वहीतलं खरं धरून प्रकाशयोजनावाल्याचे पैसे देता येत नाहीत. मग, नाट्यगृहाने एका गुरुवारची तारीख आपल्यासाठी राखून ठेवली आहे, तिचं भाडं भरायची मुदत बुधवारी संपते, एवढं सांगून ते घरी झोपायला गेले. बैठकीत कुणीतरी प्लायवूडचा विषय काढला. मी काकांकडे बुधवारपर्यंत वेळ मागितला.

घरी आल्यावर मी बाईंनी परत पाठवलेला कागद फायलीतून काढला. ते प्रश्नचिन्ह दरावर नव्हतं. ते 'सरासरी' या शब्दापाशी होतं. हा आकडा कुठून आला, एवढंच त्या विचारत होत्या. आणि तो तीन दर मिळवून तीनने भागल्यावर आला होता. दुसरीकडून कुठूनही नाही. तीनही दरांची तिकिटं सारखीच खपतील, असं मी न बोलता धरून चाललो होतो. ते मला कुणी सांगितलं नव्हतं, मी कुणाला विचारलंही नव्हतं.

त्यानंतरचे तीन दिवस मी त्या आकड्याच्या मागे होतो. चूक सापडल्यावर वाईट वाटायला हवं होतं. वाईट वाटलंही, पण कुतूहल त्याहून मोठं होतं. नाट्यगृहाचा आसनांचा नकाशा घेऊन मी तीन रंगांनी रंगवला. पुढे एकशे वीस खुर्च्या, मागे दोनशे साठ, बाल्कनीत एकशे ऐंशी. आधी वाटलं, खुर्च्यांच्या प्रमाणात सरासरी काढली असती तर वाचलो असतो. काढून पाहिली. सगळं नाट्यगृह भरलं तर पाचशे साठ माणसांचे एक लाख सहा हजार, म्हणजे माणशी एकशे एकोणनव्वद रुपये आणि वर काही पैसे. पंचेचाळीस हजाराला दोनशे अडतीस माणसं. आमची दोनशे त्रेचाळीस आली होती. म्हणजे तो आकडाही चुकलाच असता.

मग प्रत्यक्ष आलेल्या पैशांना प्रत्यक्ष आलेल्या माणसांनी भागलं. माणशी एकशे चौसष्ट रुपये वीस पैसे. असेच लोक याच प्रमाणात आले असते तर दोनशे पंचाहत्तर लागले असते. तेवढ्या खुर्च्या असत्या आणि सगळे पुढे बसले असते तर दीडशे पुरले असते आणि सगळे बाल्कनीत बसले असते तर साडेचारशेही जेमतेम पुरले असते. तेच नाटक, तेच भाडं, तोच टेम्पो. खर्च काढायला किती प्रेक्षक लागतात, या प्रश्नाला एक उत्तर नाही. ते उत्तर कोण कुठे बसतं यावर ठरतं, आणि कोण कुठे बसणार हे तिकीट विकणारा ठरवतो. आम्ही चौदा जणांनी, माझ्या तक्त्याकडे बघत, लोकांना जिना चढवून वर बसवलं होतं. खालच्या दोनशे पासष्ट खुर्च्या रिकाम्या ठेवून.

मंगळवारी संध्याकाळी मी सगळे कागद घेऊन दिग्दर्शकांच्या घरी गेलो. काका आणि मावशी तिथे आले होते. गुरुवारचं भाडं चौदा हजार होतं, आठवड्यातल्या दिवसाचं म्हणून सात हजारांनी कमी. फलक तयारच होते, म्हणून जाहिरात आणि छपाई दोन हजारांत बसत होती. बाकीचा खर्च तोच. एकूण छत्तीस हजार. मी सुचवलं की बाल्कनी उघडायचीच नाही. खाली सगळीकडे एकच दर, दोनशे, आणि जो आधी येईल तो पुढे बसेल. मग सरासरी काढायची वेळच येणार नाही. छत्तीस हजार भागिले दोनशे, एकशे ऐंशी माणसं, आणि या वेळी माणसं म्हटलं काय नि पैसे म्हटलं काय, एकच.

मग मी त्यातला धोकाही सांगितला. पहिल्या खेपेला दोनशे किंवा जास्त देणारे एकशे पंधराच होते. शंभरवाल्यांपैकी किती जण दोनशे देतील हे कुठल्याही कागदावर लिहिलेलं नाही. आणि पहिल्या प्रयोगाचा तोटा देऊन पेटीत सोळा हजार नऊशे उरतात. भाडं भरलं की दोन हजार नऊशे.

काकांनी नकाशा जवळ ओढला. बाल्कनी बंद ठेवली तरी तिचं भाडं द्यावंच लागेल, हे मी विसरलो तर नाही ना, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, भाडं सगळ्या नाट्यगृहाचं आहे, ते चौदा हजारांत आलंच. त्यांनी मान हलवली.

दिग्दर्शकांनी मावशींना विचारलं की बाजारातल्या बायका दोनशे देतील का. नाटक चालू राहणार की नाही हे त्या क्षणी मावशींच्या उत्तरावर होतं. त्यांनी घाई केली नाही. पदर नीट केला, नकाशावरच्या रिकाम्या खुर्च्या बोटाने मोजल्यासारख्या केल्या.

"दोनशेत धड पापलेट येत नाय," त्या म्हणाल्या. "दोन तास थंड हवेत बसायला मिळतंय, वर भांडण बघायला मिळतंय. देतील. पन मी त्यांना वर नाय बसवनार आता. शंभराला वर बसवली तं विचारत होत्या, आमी काय पाव मानूस हाय?"

सव्वातीनातला तो पाव त्यांनी लक्षात ठेवला होता. दिग्दर्शक हसले, मग डोळ्यांवरून हात फिरवत राहिले. काकांनी खिशातून पेन काढून वहीत जुनी ओळ खोडली नाही, तिच्याखाली नवी लिहिली. त्यात पहिल्यांदा रुपये होते आणि मग माणसं. बुधवारी सकाळी त्यांनी आणि मी नाट्यगृहाच्या कार्यालयात जाऊन चौदा हजार भरले. पावती मी दोनदा वाचली.

भिंतीवरचा तक्ता मी नवीन केला. तिकिटांची संख्या त्यावर होतीच, पण शेजारी जमा रक्कम. आणि दुसऱ्या प्रयोगानंतरच्या रविवारी, नेऱ्याच्या पडवीत त्या खोट्या खिडकीशेजारी बसून, बाईंना पत्र लिहिलं.

*

आदरणीय बाई,

सा. नमस्कार.

आपण अंदाजपत्रकावर काढलेल्या प्रश्नचिन्हाचं उत्तर मी दिलं नाही, त्याबद्दल आधी माफी मागतो. उत्तर असं की तो आकडा कुठूनच आला नव्हता. तीन दर मिळवून तीनने भागले, आणि सोपं झालं म्हणून खरं वाटलं. पहिल्या दिवशी खिडकीवर वडिलांचं उत्पन्न लिहिलं होतं तशीच ही चूक. तेव्हा पुढच्या मुलाचा आकडा उतरवला, या वेळी स्वतःचाच.

दुसरा प्रयोग गुरुवारी झाला. बाल्कनी बंद होती. एकशे ऐंशी तिकिटं लागत होती, एकशे शहाऐंशी गेली. सदतीस हजार दोनशे जमा, छत्तीस हजार खर्च, बाराशे शिल्लक. प्रत्यक्षात एकशे एकाहत्तर माणसंच आली. बाकीच्यांनी पैसे दिले आणि आले नाहीत. पैसे देऊन न आलेला माणूस प्रेक्षक म्हणायचा का, यावर काका आणि मी अजून वाद घालतो आहोत. हिशेबात तो आहे. पण दिग्दर्शक म्हणतात, न आलेला माणूस हसत नाही. मी कार्डावर नुसती तारीख आणि दर कळवला, त्यावर आपण मनीऑर्डरने पाठवलेल्या दोनशे रुपयांची खुर्चीही त्यातच आहे, तिसरी रांग, कडेची. ती मी कुणाला बसू दिली नाही.

मासळी बाजारातून एकोणतीस बायका आल्या, आणि सगळ्या पहिल्या दोन रांगांत बसल्या, कारण त्या सगळ्यांत आधी आल्या होत्या. आत्या भांडायला लागली की त्या खुर्चीतूनच तिला उत्तर देत होत्या. दिग्दर्शक विंगेत उभे होते. त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळची पाळी होती, तरी शेवटचा टेम्पो भरेपर्यंत थांबले.

आता खरा हिशेब. पहिल्या प्रयोगाच्या तोट्यातले तीन हजार नऊशे अजून भरून यायचे आहेत, आणि त्याआधीचे चौऱ्याण्णव हजार. दर प्रयोगाला बाराशे उरले तर आणखी ब्याऐंशी प्रयोग लागतील. हे मी बैठकीत सांगितलं. मग मावशींनी विचारलं की ब्याऐंशी प्रयोगांना तालीम लागेल का. नाही म्हटल्यावर म्हणाल्या, मग स्वस्तच पडेल. तिसऱ्या प्रयोगासाठी काकांनी तारीख मागितली आहे. नेपथ्य आमच्या पडवीतच आहे, वडील त्याची काळजी घेतात.

तिसऱ्या प्रयोगाचं अंदाजपत्रक सोबत जोडलं आहे. प्रत्येक आकड्यापुढे तो कुठून आला ते लिहिलं आहे. दोन ठिकाणी 'माहीत नाही' असं लिहिलं आहे, कारण ते खरंच माहीत नाही. आपली पेन्सिल तिथे चालवू नये, बाकी कुठेही चालवावी.

बहिणीला नमस्कार सांगावा. तब्येतीची काळजी घ्यावी.

आपला नम्र,
फी-खिडकीवरचा विद्यार्थी